ऑटोसम रेंज कशी ओळखते आणि चुकली तर काय करावे

प्रश्न : एक्सेलमध्ये आकड्यांच्या खाली Alt आणि = दाबले की कधी पूर्ण स्तंभाची बेरीज येते, तर कधी खालच्या दोनचारच आकड्यांची. एकदा तर खऱ्या बेरजेपेक्षा दोन हजारांनी जास्त आली. ही कळ कुठून कुठपर्यंतचे आकडे घ्यायचे हे कसे ठरवते, आणि चुकली तर नेमके काय करावे?

उत्तर : ऑटोसमला तुमच्या तक्त्याचा अर्थ कळत नाही; ती फक्त शेजारच्या सेलमध्ये काय आहे ते पाहते. आकडा, रिकामी सेल, मजकूर आणि आधीच केलेली बेरीज या चार गोष्टींतला फरक तिला समजतो, आणि तिचा सगळा अंदाज त्यावर उभा असतो. तुम्ही सांगितलेल्या दोन्ही चुका या एकाच पद्धतीतून निघतात. त्या एकाच तक्त्यात एकामागून एक घडवून दाखवता येतात, म्हणून पुढचे सगळे विवेचन एका लहान उदाहरणाच्या आधाराने करतो. विंडोजवरील एक्सेलमध्ये ही कळ Alt+= अशी आहे, मॅकवर Command+Shift+T. Home टॅबवरील Σ चिन्हाचे AutoSum बटणही हेच काम करते.

समजा, एका गोदामातून दर महिन्याला बाहेर गेलेल्या खोक्यांची ही नोंद आहे.

```
     A          B      C      D
1    महिना       2024   2025   एकूण
2    जानेवारी     1240   1305
3    फेब्रुवारी     1185   1260
4    मार्च        1310   1290
5    एप्रिल              1345
6    मे          1275   1320
7    जून         1330   1400
8    एकूण
```

यात दोन गोष्टी मुद्दाम ठेवल्या आहेत. B5 रिकामी आहे, कारण त्या महिन्याची नोंद मिळालेली नाही. C4 मधील 1290 दिसायला आकडा असला तरी एक्सेलच्या लेखी तो मजकूर आहे. दुसऱ्या प्रणालीतून नक्कल करून आणलेल्या माहितीत असे आकडे हमखास सापडतात.

आता B8 वर जाऊन Alt+= दाबा. ऑटोसम आधी वर पाहते. वर आकडे असतील तर त्यांनाच पसंती मिळते, आणि वर काही नसेल तरच ती डावीकडे वळते. B8 च्या लगेच वर B7 मध्ये आकडा आहे, त्यावर B6 मध्ये आकडा आहे, आणि त्यावर B5 रिकामी आहे. आकड्यांची सलग साखळी तिथे तुटली, म्हणून अंदाजही तिथेच थांबतो आणि सूत्र तयार होते ते असे :

```
=SUM(B6:B7)
```

उत्तर येते २६०५, आणि खरी बेरीज आहे ६३४०. तुमच्या तक्त्यात 'खालचे दोनचारच आकडे' घेतले जात होते, त्याचे कारण बहुधा हेच, म्हणजे मध्ये कुठेतरी एक रिकामी सेल.

इथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे, कारण त्यामुळे ही वागणूक लहरी वाटते. रिकामी सेल आकड्यांच्या मध्ये असेल तर ऑटोसम तिच्यापाशी थांबते, पण बेरजेच्या सेलच्या आणि आकड्यांच्या मधली रिकामी जागा ती ओलांडते. तुम्ही बेरीज B8 ऐवजी B9 मध्ये केलीत आणि B8 सुटसुटीतपणासाठी मोकळी सोडलीत, तर ऑटोसम वर चढत B7 पर्यंत पोहोचते, आणि मधली मोकळी सेलही रेंजमध्ये धरते. म्हणजे आकड्यांचा पहिला गट सापडेपर्यंत रिकामी जागा चालते. एकदा गट सुरू झाला की पुढची पहिली रिकामी सेल ही त्या गटाची हद्द मानली जाते. त्यामुळे बेरजेच्या वर एक ओळ मोकळी सोडणे निर्धोक आहे, पण त्याच ओळीइतकीच निरुपद्रवी दिसणारी मधली एक सेल मात्र अर्धा स्तंभ गाळून टाकते.

आता या चुकीवर बहुतेकजण जो उपाय करतात तो करून पाहू. B5 रिकामी आहे म्हणून गडबड झाली, तर तिथे 0 लिहावे. साखळी जोडली जाते, आणि B8 वर पुन्हा Alt+= दाबल्यावर सूत्र येते :

```
=SUM(B1:B7)
```

उत्तर ८३६४. खऱ्या बेरजेपेक्षा बरोबर २०२४ ने जास्त. आता साखळी B2 पाशी थांबायचे काही कारणच उरले नाही, कारण B1 मधील वर्ष हेही एक्सेलच्या दृष्टीने एक आकडाच आहे. आपल्याला ते शीर्षक म्हणून दिसते, कदाचित ते ठळक आहे आणि त्याला रंगीत पार्श्वभूमीही आहे. पण ऑटोसम रंग आणि ठळकपणा पाहत नाही. गंमत अशी की आधीच्या चुकीने ही दुसरी चूक झाकून ठेवली होती. रिकामी सेल असेपर्यंत साखळी शीर्षकापर्यंत पोहोचतच नव्हती.

तुम्हाला दोन हजारांनी जास्त आलेली बेरीज याच जातीची असणार. तुमच्या ती लक्षात आली, कारण तुमचे आकडे हजारांत असावेत. स्तंभातली बेरीज काही कोटींची असती, तर त्यात मिसळलेले २०२४ कोणाच्याही नजरेस आले नसते. म्हणून वर्षे, विभागांचे क्रमांक किंवा वस्तूंचे संकेतांक जिथे शीर्षकात असतील तिथे मी ऑटोसमच्या अंदाजावर न पाहता कधीच विश्वास ठेवत नाही. डाव्या बाजूलाही हीच अडचण उभी राहते. ओळीची बेरीज करताना आकड्यांना लागूनच्या डावीकडच्या स्तंभात अनुक्रमांक असतील, तर तेही बेरजेत ओढले जातात. आपल्या तक्त्यात A स्तंभात महिन्यांची नावे आहेत, म्हणून तो धोका नाही.

रिकाम्या सेलमध्ये 0 लिहिण्याबद्दल माझे स्वतंत्र मत आहे. शून्य ही एक नोंद आहे. 'एप्रिलमध्ये एकही खोके बाहेर गेले नाही' असे ती सांगते. बेरजेला त्याने फरक पडत नाही, पण AVERAGE रिकामी सेल सोडून देते आणि शून्य मात्र मोजते. पाच महिन्यांची सरासरी १२६८ येते, तीच शून्य लिहिल्यावर सहा महिन्यांवर विभागली जाऊन १०५७ च्या आसपास उतरते. तेव्हा केवळ ऑटोसमची सोय म्हणून शून्य भरू नये. रेंज दुरुस्त करणे हा त्याहून स्वच्छ उपाय आहे. रिकाम्या जागी हाताने एक आडवी रेघ टाइप करण्याचाही उपयोग नाही, कारण ती रेघ मजकूर ठरते आणि साखळी तिथेही तुटते. Accounting फॉर्मॅटमध्ये शून्याच्या जागी दिसणारी रेघ वेगळी. त्या सेलमध्ये खरोखर शून्य असते, आणि ऑटोसम ते आकडा म्हणूनच धरते.

रेंज दुरुस्त करण्याची योग्य वेळ म्हणजे Alt+= दाबल्यानंतरची आणि Enter दाबण्याआधीची. त्या क्षणी सूत्र अजून पक्के झालेले नसते. निवडलेल्या रेंजभोवती हलती तुटक रेषा फिरत असते, आणि सूत्रातला रेंजचा भाग निवडलेला असतो. अंदाज चुकीचा दिसला तर Esc दाबून पुन्हा सुरुवात करण्याची गरज नाही. माउसने B2 पासून B7 पर्यंत ओढा; आधीची रेंज पुसली जाऊन नवी तिच्या जागी येते. माउस नको असेल तर तिथेच B2:B7 असे टाइप करा, तेही चालते. आकडे दोन वेगवेगळ्या तुकड्यांत असतील तर पहिला तुकडा ओढून घ्यावा आणि मग Ctrl दाबून धरून दुसरा ओढावा. दोन्ही रेंज स्वल्पविरामाने जोडल्या जातात. Enter दाबून गेले असेल तरी हरकत नाही. बेरजेच्या सेलवर F2 दाबले की रेंजभोवती रंगीत चौकट येते, आणि तिचा कोपरा ओढून ती लहान-मोठी करता येते.

यातून जी सवय लावून घ्यावीशी वाटते ती एवढीच की Alt+= आणि Enter या दोन कळा एका दमात दाबू नयेत. दोन्हींच्या मध्ये नजर फक्त दोन ठिकाणी जावी : तुटक रेषेचा वरचा काठ शीर्षकाच्या खाली आहे ना, आणि खालचा काठ शेवटच्या आकड्यापर्यंत पोहोचतो ना. मधल्या सेल पाहण्याची गरज नसते, कारण रेंज सलग असते.

आता B8 मध्ये =SUM(B2:B7) आहे आणि उत्तर ६३४० आहे. सगळे बरोबर असूनही त्या सेलच्या कोपऱ्यात एक हिरवा त्रिकोण उगवण्याची शक्यता आहे. त्यावर माउस नेला की सूत्राने शेजारच्या सेल वगळल्याची सूचना दिसते :

```
Formula Omits Adjacent Cells
```

हा एक्सेलचा त्रुटी-तपासणीचा नियम आहे, आणि तो ऑटोसमसारखाच शेजारच्या आकड्यांकडे पाहतो. रेंजला लागून B1 मध्ये आकडा आहे, तरी तो सूत्रात नाही, एवढेच त्याला खटकते. म्हणजे चुकीचे सूत्र होते तेव्हा हा इशारा नव्हता, आणि बरोबर केल्यावर तो आला. अशा वेळी अनेकजण इशाऱ्याच्या यादीतील Update Formula to Include Cells हा पर्याय निवडतात, आणि वर्ष पुन्हा बेरजेत येते. इथे Ignore Error निवडणे योग्य आहे. हाच इशारा इतर वेळी मात्र खरा असतो. बेरजेच्या वर नवी ओळ घातली आणि ती सूत्रात आली नाही, तर हाच त्रिकोण ते सांगतो. म्हणून हा नियम कायमचा बंद करून टाकू नये.

शीर्षकाचा त्रास मुळातूनच घालवायचा असेल तर वर्ष मजकूर म्हणून लिहावे. त्यासाठी सेलमध्ये आधी एकेरी अवतरणचिन्ह टाइप करून मग वर्ष लिहायचे, म्हणजे '2024 असे. ते चिन्ह सेलमध्ये दिसत नाही, पण मूल्य मजकूर होते आणि ऑटोसम तिथे थांबते. 'सन 2024' असे लिहिले तरी तोच परिणाम होतो. पण 'सन' हा शब्द फॉर्मॅटमधून जोडू नका. "सन "0 अशा सानुकूल फॉर्मॅटने सेलमध्ये 'सन 2024' दिसते, आत मात्र आकडा तसाच राहतो आणि बेरजेत जातो. वर्ष मजकूर करण्याची एक किंमतही आहे. दुसरीकडे कुठे MATCH किंवा HLOOKUP ने हे वर्ष आकडा म्हणून शोधले जात असेल, तर मजकूर झालेले वर्ष त्यांना सापडत नाही. तक्त्यात अशी सूत्रे असतील तर वर्ष आकडाच ठेवावे आणि रेंजकडे लक्ष द्यावे.

आता C स्तंभाकडे वळू. हा स्तंभ जास्त फसवा आहे. C8 वर Alt+= दाबल्यावर अंदाज येतो C5:C7, आणि उत्तर ४०६५. मध्ये रिकामी सेल कुठेच दिसत नाही, तरी साखळी तुटली, कारण C4 मधला 1290 हा मजकूर आहे. तुम्ही आधीच्या धड्याप्रमाणे रेंज ओढून C2:C7 केलीत आणि समाधानाने Enter दाबलेत. उत्तर येते ६६३०. तेही चूक आहे. खरी बेरीज ७९२० आहे, आणि फरक बरोबर १२९० चा.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्या लागतात. रेंज चुकणे हा ऑटोसमच्या अंदाजाचा दोष होता आणि तो तुम्ही दुरुस्त केला. पण SUM हे फंक्शन रेंजमधला मजकूर गुपचूप वगळते, मग तो मजकूर अंकांनीच बनलेला का असेना. ते कोणतीही चूक दाखवत नाही. उलट =C3+C4 असे अधिक चिन्हाने लिहिले असते, तर एक्सेलने तो मजकूर आकड्यात बदलून घेतला असता आणि उत्तर २५५० बरोबर आले असते. म्हणून 'मी हाताने करून पाहिले, बरोबर येते आणि ऑटोसमने मात्र चूक येते' अशी तक्रार कानावर आली की माझा पहिला संशय मजकूर झालेल्या आकड्यावर असतो. खरे तर अशा वेळी ऑटोसमचा चुकलेला अंदाज हाच एक इशारा असतो. सलग दिसणाऱ्या आकड्यांत ती मध्येच थांबली, तर रेंज ओढण्याआधी ती जिथे थांबली त्याच्या लगेच वरच्या सेलमध्ये काय आहे ते तपासावे.

तपासण्याच्या खुणा सोप्या आहेत. सेलला वेगळे संरेखन दिलेले नसेल तर आकडे उजवीकडे टेकतात आणि मजकूर डावीकडे. पण कोणी पूर्ण तक्ता मध्यभागी संरेखित केला असेल तर ही खूण नाहीशी होते. अशा सेलच्या कोपऱ्यातही बहुधा हिरवा त्रिकोण असतो. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे मोजणे :

```
=COUNT(C2:C7)
=COUNTA(C2:C7)
=ISNUMBER(C4)
```

COUNT फक्त आकडे मोजते आणि इथे ५ सांगते. COUNTA भरलेल्या सगळ्या सेल मोजते आणि ६ सांगते. दोघांत फरक आला की रेंजमध्ये आकडा नसलेले काहीतरी आहे हे निश्चित. C4 बद्दल ISNUMBER चे उत्तर FALSE येते. सूत्र लिहायचे नसेल तर C2:C7 निवडून खालच्या स्थितिपट्टीकडे पाहा. तिथे Count आणि Numerical Count हे दोन्ही दाखवता येतात. Numerical Count नेहमी चालू नसते, पट्टीवर उजवे क्लिक करून ते निवडावे लागते.

मजकुराचा आकडा करण्यासाठी त्रिकोणाच्या यादीतील Convert to Number पुरेसे असते. फक्त सेलचा फॉर्मॅट Text वरून Number करण्याने काहीच बदलत नाही, हे अनेकांना खटकते. फॉर्मॅट बदलल्यावर ते मूल्य पुन्हा प्रविष्ट केल्याशिवाय, म्हणजे F2 आणि Enter केल्याशिवाय, ते मजकूरच राहते. शेकडो सेल असतील तर एका रिकाम्या सेलमध्ये 1 लिहून त्याची नक्कल करावी, सगळे आकडे निवडावेत आणि Paste Special मधून Multiply निवडावे. वेबपानावरून आणलेल्या आकड्यांना कधीकधी न तुटणारी मोकळी जागा चिकटलेली असते. ती डोळ्यांना साध्या जागेसारखीच दिसते, पण TRIM तिला काढत नाही. तिच्यासाठी शेजारच्या स्तंभात हे सूत्र वापरावे आणि मग उत्तरे मूल्ये म्हणून मूळ जागी चिकटवावीत :

```
=VALUE(SUBSTITUTE(C4,CHAR(160),""))
```

C4 दुरुस्त झाली की C8 मध्ये ७९२० येते. पण लक्षात घ्या, आता साखळी पूर्ण झाल्यामुळे C8 वर पुन्हा Alt+= दाबले तर C1 मधले २०२५ आत येईल. म्हणून B8 मधले बरोबर सूत्रच उजवीकडे ओढून आणावे. B8:C8 निवडून Ctrl+R दाबले तरी चालते. एकदा तपासलेले सूत्र नक्कल करणे हे प्रत्येक स्तंभात नवा अंदाज मागण्यापेक्षा केव्हाही बरे.

ओळींच्या बेरजेत वेगळी गंमत होते. D2 वर Alt+= दाबा. वर D1 मध्ये 'एकूण' हा मजकूर आहे, म्हणून ऑटोसम डावीकडे वळते आणि =SUM(B2:C2) देते; २५४५, बरोबर. एक ओळ खाली D3 मध्ये वर एकच आकडा असतो, तेवढ्याने ती वर वळत नाही, आणि तेही २४४५ बरोबर. असे एकेक करत खाली उतरत गेलात की D4 मध्ये मात्र वर दोन आकडे जमलेले असतात, आणि वरच्याला पसंती असल्यामुळे सूत्र येते =SUM(D2:D3). उत्तर ४९९०, जे खऱ्या २६०० च्या जवळजवळ दुप्पट आहे. पहिल्या दोन ओळींनी विश्वास बसलेला असतो, हात वेगाने चालत असतो, आणि तिसऱ्या ओळीला घात होतो. D2 मधले सूत्र D7 पर्यंत खाली ओढणे हा यावरचा साधा उपाय आहे.

त्याहून चांगला उपाय म्हणजे ऑटोसमला अंदाज करायलाच न लावणे. आकडे आणि बेरजेसाठीच्या रिकाम्या सेल एकत्रच निवडायच्या. आपल्या तक्त्यात B2 पासून D8 पर्यंत निवड करून, म्हणजे आकड्यांसोबत उजवीकडचा रिकामा स्तंभ आणि खालची रिकामी ओळ धरून, एकदाच Alt+= दाबावे. सगळ्या ओळींच्या आणि सगळ्या स्तंभांच्या बेरजा एका झटक्यात भरल्या जातात, आणि निवड दुसऱ्या ओळीपासून सुरू केलेली असल्यामुळे वर्षांचा प्रश्नच येत नाही. मात्र या पद्धतीत तुटक रेषा दिसत नाही आणि Enter ची वाटही पाहिली जात नाही. सूत्रे थेट लिहिली जातात. म्हणून भरून झाल्यावर एका स्तंभाच्या आणि एका ओळीच्या बेरजेवर F2 दाबून रेंज पाहून घ्यावी. आपल्या तक्त्यात D8 मध्ये १४२६० यायला हवे, जे ६३४० आणि ७९२० यांची बेरीज आहे. आडवी आणि उभी बेरीज जुळली की बहुतेक चुका तिथेच पकडल्या जातात. मजकूर झालेला आकडा मात्र या ताळ्यातूनही निसटतो, कारण तो दोन्ही दिशांना सारखाच वगळला जातो.

तक्त्यात मधल्या बेरजा असतील, समजा दर तीन महिन्यांनी एक, तर ऑटोसम अनपेक्षितपणे शहाणपणाने वागते. SUM असलेली सेल ती ओळखते. दुसऱ्या तिमाहीची बेरीज करताना ती पहिल्या तिमाहीच्या बेरजेपाशी थांबते, आणि शेवटी एकूण बेरीज मागितली की केवळ मधल्या बेरजा उचलून =SUM(B9,B5) असे सूत्र देते. हा शहाणपणा त्या बेरजा SUM ने लिहिलेल्या असण्यावर अवलंबून आहे. कोणी =B2+B3+B4 असे लिहिले असेल तर ती सेल साध्या आकड्यासारखी धरली जाते आणि तेच आकडे दोनदा मोजले जातात. मधल्या बेरजा मी स्वतः SUBTOTAL(9,…) ने लिहितो. शेवटची बेरीजही SUBTOTAL ने पूर्ण स्तंभावर लिहिली तर ती आतल्या SUBTOTAL आपोआप वगळते, आणि ऑटोसमच्या अंदाजावर काही अवलंबून राहत नाही. तक्त्यावर फिल्टर लावून काही ओळी झाकलेल्या असतील, तर ऑटोसम स्वतःच SUM ऐवजी SUBTOTAL(9,…) लिहिते. तो बिघाड नाही. ती फक्त फिल्टरमध्ये दिसणाऱ्या ओळींची बेरीज असते.

रेंज आज बरोबर असली तरी पुढे ती चुकू शकते. जुलैची नोंद आली की तुम्ही आठव्या ओळीवर नवी ओळ घालता, आणि बेरीज नवव्या ओळीत सरकते. पण सूत्र अजून B2:B7 असेच असू शकते. एक्सेल काही वेळा ते आपणहून वाढवते, काही वेळा नाही, आणि त्यावर विसंबता येत नाही. बेरजेच्या सेलमध्ये हे सूत्र लिहिले तर ते नेहमी लगेच वरच्या सेलपर्यंत पोहोचते :

```
=SUM(B2:INDEX(B:B,ROW()-1))
```

महिने वाढतच जाणार असतील तर मी याही पुढे जाऊन A1 ते C7 ची टेबल करतो. A1 ते C7 एवढीच निवड करून Ctrl+T दाबायचे आणि शीर्षके असल्याच्या चौकटीत खूण करायची. टेबलमध्ये शीर्षके नेहमी मजकूरच होतात, त्यामुळे २०२४ बेरजेत येण्याचा मार्गच बंद होतो. टेबलच्या लगेच खाली Alt+= दाबले की एकूण बेरजेची ओळ तयार होते आणि त्यात असे सूत्र येते :

```
=SUBTOTAL(109,[2024])
```

यात सेलचे पत्ते नाहीत, स्तंभाचे नाव आहे. मधली रिकामी सेल त्याला अडवत नाही आणि नवी ओळ आली की ती आपोआप मोजली जाते. मजकूर झालेला 1290 मात्र इथेही वगळला जातो, म्हणून COUNT आणि COUNTA ची तपासणी टेबल करण्याआधीच उरकावी. शिवाय 109 हा क्रमांक फक्त दिसणाऱ्या ओळी मोजतो. कोणी टेबलवर फिल्टर लावून फाइल जतन केली, तर पुढच्या वाचकाला खाली दिसणारी बेरीज त्या फिल्टरपुरतीच असते. पूर्ण बेरीज नेहमी दिसायला हवी असेल तर ती टेबलच्या बाहेर, वरच्या बाजूला, साध्या SUM ने वेगळी लिहावी.